संशयित येण्याची तरतूद आणि बुडीत येणे: एका उधारीच्या वहीतील तीन वर्षांचा नफा

सांगलीतील पाईप आणि पंपांच्या एका घाऊक दुकानाची वही डोळ्यांसमोर ठेवू. दुकान आणि आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. व्यवहाराची रीत मात्र कोणत्याही बाजारपेठेत दिसते तशीच आहे. माल उधारीवर जातो, गिऱ्हाईक दुकानदार दोन-तीन महिन्यांनी पैसे देतात, आणि ३१ मार्चला वहीत आठ लाखांची येणे बाकी उभी असते. या आठ लाखांपैकी काही रक्कम येणार नाही हे मालकाला ठाऊक असते, परंतु नेमकी कोणाची येणार नाही हे त्या दिवशी सांगता येत नाही. संशयित येण्यासाठी तरतूद करणे आणि बुडीत येणे निर्लेखित करणे या दोन नोंदींमधला सगळा फरक या एका अडचणीतून निघतो.

निर्लेखन म्हणजे विशिष्ट गिऱ्हाइकाचे, विशिष्ट रकमेचे येणे आता वसूल होणार नाही असे ठरवून ते वहीतून काढून टाकणे. त्या नोंदीनंतर त्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर शिल्लक राहत नाही. तरतुदीत कोणाच्याही खात्याला हात लावला जात नाही; आठ लाख आठ लाखच राहतात, आणि त्यांच्यासमोर ‘यातील अमुक रक्कम येणार नाही असा आमचा अंदाज आहे’ असे सांगणारे एक वेगळे खाते उभे राहते. पाठ्यपुस्तकांत या खात्याला ‘संशयित कर्ज निधी’ म्हणतात आणि अनेक जमाखर्च लिहिणारे ‘रिझर्व्ह फॉर डाउटफुल डेट्स’ वरून सवयीने ‘आरडीडी’ म्हणतात. ‘निधी’ या शब्दामुळे कुठेतरी पैसे बाजूला ठेवले आहेत असा समज होतो, तो चुकीचा आहे. येथे पैसे बाजूला ठेवलेले नसतात. येणे रकमेची किंमत कमी धरलेली असते, इतकेच. म्हणून या लेखात सर्वत्र ‘तरतूद’ हाच शब्द वापरला आहे.

तरतूद करायचीच कशाला, बुडाले की लिहून टाकू, असा प्रश्न अनेक व्यापारी विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर विक्रीच्या वर्षात आहे. २०२३-२४ मध्ये विकलेल्या मालाची पूर्ण किंमत त्याच वर्षाच्या विक्रीत धरली गेली आणि त्यावरचा नफाही त्याच वर्षात दिसला. त्यातील काही उधारी पुढच्या वर्षी बुडाली, तर नफा एका वर्षात आणि त्याच विक्रीचा तोटा दुसऱ्या वर्षात पडतो. तरतूद हा तोटा अंदाजाने का होईना, विक्रीच्या वर्षात आणते.

पहिले वर्ष: येणे बाकीचे वय आणि तरतुदीची रक्कम

पहिले काम म्हणजे ३१ मार्चच्या येणे बाकीची वयानुसार यादी काढणे. प्रत्येक बिल किती दिवसांचे झाले ते पाहून बिले गटांत विभागायची. येथे एक गोष्ट आधी तपासून घ्यावी लागते. संगणकावरील जमाखर्चात आलेली रक्कम कोणत्या बिलापोटी आली हे नोंदवले असेल तरच ही यादी खरी निघते. टॅलीमध्ये पावती लिहिताना `Agst Ref` न निवडता घाईने `On Account` निवडले, की जुनी बिले वसूल होऊनही यादीत जुनी आणि थकलेलीच दिसत राहतात, आणि त्याच गिऱ्हाइकाच्या नावे तेवढीच रक्कम जमेला लोंबकळत राहते. एकाच गिऱ्हाइकाकडे जुनी थकबाकी आणि बिलाला न जोडलेली जमा अशा दोन्ही गोष्टी दिसल्या, तर यादी बाजूला ठेवून आधी पावत्या बिलांना जोडाव्यात. चुकीच्या यादीवर कितीही काळजीपूर्वक टक्के लावले तरी तरतूद चुकीचीच येते.

यादी खरी झाली की तिच्यातून अशी गिऱ्हाइके वेगळी काढावीत, ज्यांच्याबद्दल काही विशेष माहिती आहे. आपल्या उदाहरणात एका दुकानदाराकडे ४०,००० रुपये अडकले आहेत. त्याचे दुकान महिन्यातून निम्मे दिवस बंद असते आणि त्याचे दोन धनादेश परत आले आहेत. त्याच्यावर सरासरीचे टक्के लावण्यात अर्थ नाही. मालकाने निम्मी रक्कम येईल असा अंदाज बांधला, म्हणून त्याच्यासाठी २०,००० रुपयांची तरतूद वेगळी ठरवली.

उरलेल्या ७,६०,००० रुपयांवर गटवार टक्के लावायचे. नव्वद दिवसांपर्यंतच्या ५,००,००० रुपयांवर १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. नव्वद ते एकशे ऐंशी दिवसांच्या २,००,००० रुपयांवर ५ टक्के, म्हणजे १०,००० रुपये. त्याहून जुन्या ६०,००० रुपयांवर २५ टक्के, म्हणजे १५,००० रुपये. हे तीस हजार आणि आधीचे वीस हजार मिळून तरतूद ५०,००० रुपयांची झाली.

हे टक्के कोठून आणायचे? शेजारच्या दुकानाचे किंवा पुस्तकातल्या गणितातले टक्के येथे उपयोगाचे नाहीत. मागील तीन-चार वर्षांच्या ३१ मार्चच्या याद्या काढाव्यात आणि प्रत्येक यादीतील एकशे ऐंशी दिवसांवरील रकमेपैकी पुढील बारा महिन्यांत किती आली आणि किती तशीच राहिली ते मोजावे. साधारण चौथा हिस्सा दर वेळी राहत असेल, तर २५ टक्के हा त्या दुकानाचा अनुभव आहे. व्यवसायातली परिस्थिती बदलली असेल, उदाहरणार्थ पाऊस कमी पडून शेतकऱ्यांकडे पैसे नसतील आणि म्हणून गावोगावच्या दुकानदारांची वसुली अडली असेल, तर हे टक्के वाढवावेत आणि वाढवण्याचे कारण लिहून ठेवावे. तरतुदीचा आकडा अंदाजाचा असल्याने तो नफा हवा तसा दाखवण्यासाठी वापरण्याचा मोह होतो, आणि कारणांची टाचणे हाच त्या मोहावरचा व्यवहारातला उपाय आहे.

नोंद एकच आहे: नफा-तोटा खाते ५०,००० ने नावे, संशयित येणे तरतूद खाते ५०,००० ने जमा. तरतुदीपूर्वीचा नफा ३,००,००० रुपये होता, तो २,५०,००० झाला. ताळेबंदात येणे बाकी ८,००,००० रुपये दाखवून त्यातून ५०,००० वजा करावेत आणि ७,५०,००० हा आकडा मालमत्तेच्या बाजूस ठेवावा. संगणकात तरतुदीचे खाते देण्यांच्या गटात उघडण्याची पद्धत आहे. तसे केल्यास मालमत्ता आणि देणी दोन्ही बाजू पन्नास हजारांनी फुगलेल्या दिसतात. नफा बदलत नाही, पण दुकानाकडे प्रत्यक्षात किती येण्याची आशा आहे हे ताळेबंद वाचणाऱ्याला कळत नाही.

दुसरे वर्ष: निर्लेखन आणि सर्वांत जास्त होणारी चूक

नोव्हेंबर २०२४ मध्ये तो दुकानदार गाव सोडून गेला. दुकानाची जागा भाड्याची होती आणि वसूल करण्याजोगे काही मागे राहिले नाही. आता ४०,००० रुपयांबद्दल अंदाज करण्यासारखे काही उरले नाही, म्हणून ती रक्कम निर्लेखित करायची: बुडीत येणे खाते ४०,००० ने नावे, त्या दुकानदाराचे खाते ४०,००० ने जमा.

३१ मार्च २०२५ रोजी, हे निर्लेखन झाल्यानंतर, येणे बाकी ९,००,००० रुपये आहे. पुन्हा वयानुसार यादी काढली: ६,००,००० वर १ टक्का म्हणजे ६,०००, १,८०,००० वर ५ टक्के म्हणजे ९,०००, आणि १,२०,००० वर २५ टक्के म्हणजे ३०,०००. या वर्षअखेरीस तरतूद ४५,००० रुपयांची हवी.

नफा-तोटा खात्यावर या वर्षी किती भार पडेल? बुडीत येणे ४०,००० अधिक नवी तरतूद ४५,०००, म्हणजे ८५,०००. त्यातून जुनी तरतूद ५०,००० वजा. भार ३५,००० रुपये. चाळीस हजार बुडाले असताना खर्च पस्तीस हजारच कसा, असे मालक विचारतो, आणि त्याला सूत्र सांगून समाधान होत नाही. त्याला असे सांगावे: गेलेल्या दुकानदाराच्या चाळीस हजारांपैकी वीस हजारांचा तोटा आपण मागच्याच वर्षी सोसला होता, या वर्षी उरलेले वीस हजार सोसले. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी मागच्या वर्षी तीस हजारांची तरतूद होती, ती आता पंचेचाळीस हजारांची करावी लागली; ते पंधरा हजार जास्तीचे. वीस आणि पंधरा मिळून पस्तीस. जुनी थकबाकी साठ हजारांवरून एक लाख वीस हजारांवर गेली आहे, म्हणून हे पंधरा हजार वाढले, हेही त्याला याच वेळी दाखवता येते आणि बहुधा त्यालाच त्यातून जास्त काही कळते.

या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात. बुडीत येणे ४०,००० खर्चात घेतले जाते, नवी तरतूद ४५,००० खर्चात घेतली जाते, आणि जुनी तरतूद ५०,००० वजा करायची राहून जाते. मग ३,२०,००० रुपयांचा निर्लेखन आणि तरतूद यांच्या आधीचा नफा २,८५,००० ऐवजी २,३५,००० दिसतो आणि एकच तोटा दोनदा मोजला जातो. ही चूक ओळखणे सोपे आहे. वर्षअखेरीस खतावणीतील तरतूद खात्याची शिल्लक आणि वयानुसार यादीवरून काढलेली तरतूद या दोन रकमा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. येथे चूक झाली असेल तर खात्यावर ९५,००० दिसतील आणि यादी ४५,००० म्हणेल.

दुसरी, किंचित लहान चूक तेरीज पत्रक, म्हणजे सर्व खात्यांच्या शिल्लकांची यादी, तयार झाल्यानंतर कळलेल्या बुडीत येण्याबाबत होते. समजा तोच दुकानदार गेल्याचे नोव्हेंबरऐवजी ३१ मार्चनंतर, हिशेब पुरे करत असताना लक्षात आले. तेव्हा तेरीज पत्रकात येणे बाकी ९,४०,००० दिसेल. त्यातून आधी ४०,००० वजा करून मग उरलेल्या ९,००,००० वर तरतूद काढायची असते. सरसकट ५ टक्के लावणाऱ्या दुकानात ९,४०,००० वर ४७,००० आणि ९,००,००० वर ४५,००० येतात. मधले दोन हजार हे जे येणे आधीच पूर्ण बुडीत धरले त्याच्यावर पुन्हा धरलेला संशय आहे. याउलट तेरीज पत्रकातच बुडीत येण्याचे खाते दिसत असेल, तर ती रक्कम येणे बाकीतून आधीच गेलेली असते आणि ती पुन्हा वजा करू नये.

तिसरे वर्ष: बुडालेले परत येते तेव्हा

२०२५-२६ मध्ये त्या दुकानदाराने दुसऱ्या गावाहून १५,००० रुपये पाठवले. हे पैसे त्याच्या खात्यावर जमा करू नयेत, कारण त्या खात्यावर येणेच शिल्लक नाही. तसे केल्यास उलट आपण त्याचे पंधरा हजार देणे लागतो असे दिसेल. नोंद अशी: बँक खाते १५,००० ने नावे, वसूल झालेले बुडीत येणे खाते १५,००० ने जमा. ही रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न होय.

वर्षअखेरीस येणे बाकी ७,००,००० वर आली आणि ती बरीच ताजी आहे: ५,५०,००० वर १ टक्का, १,००,००० वर ५ टक्के आणि ५०,००० वर २५ टक्के, म्हणजे ५,५००, ५,००० आणि १२,५००, एकूण २३,००० रुपये. खात्यावर ४५,००० आहेत, म्हणून २२,००० रुपये नफा-तोटा खात्याला परत जमा होतात. तरतुदीपूर्वीचा नफा ३,१०,००० होता. तो वसुलीचे पंधरा हजार आणि तरतुदीचे बावीस हजार मिळून ३,४७,००० झाला.

हीच तीन वर्षे तरतूद न करता, केवळ निर्लेखनावर चालवली असती तर काय दिसले असते ते शेजारी ठेवून पाहू.

| वर्ष | आधीचा नफा | तरतुदीसह नफा | केवळ निर्लेखनाने नफा |
|---|---|---|---|
| २०२३-२४ | ३,००,००० | २,५०,००० | ३,००,००० |
| २०२४-२५ | ३,२०,००० | २,८५,००० | २,८०,००० |
| २०२५-२६ | ३,१०,००० | ३,४७,००० | ३,२५,००० |
| एकूण | ९,३०,००० | ८,८२,००० | ९,०५,००० |

दोन्ही पद्धतींतील तीन वर्षांचा फरक बरोबर २३,००० रुपये आहे, आणि तो म्हणजे अखेरीस खात्यावर उभी असलेली तरतूद. उद्या सर्व येणे बाकी वसूल झाली किंवा बुडीत म्हणून लिहिली गेली आणि तरतूद शून्यावर आली, की दोन्ही बेरजा एकच होतील. तरतुदीमुळे एकूण नफा कमी होत नाही. तो कोणत्या वर्षात दिसतो एवढेच बदलते. मात्र ‘एवढेच’ म्हणताना पहिल्या वर्षाची ओळ पुन्हा पाहावी. निर्लेखनाच्या पद्धतीत त्या वर्षी तीन लाख नफा दिसतो. भागीदारीची पेढी असेल तर भागीदार तो वाटून घेतात, आणि पुढच्या वर्षी त्या विक्रीचा तोटा दुसऱ्या वर्षाच्या, कदाचित नव्या भागीदाराच्या, माथी येतो. दुसऱ्या वर्षी तरतुदीचा नफा निर्लेखनापेक्षा पाच हजारांनी जास्त आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे: तरतूद केली म्हणजे दर वर्षी नफा कमीच दिसतो असे नाही.

आयकरात गणित वेगळे चालते

नफा-तोटा खात्यात तरतूद योग्य असली, तरी आयकरासाठी तिची वजावट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम ३६(१)(vii) प्रमाणे वजावट वहीत प्रत्यक्ष निर्लेखित केलेल्या बुडीत येण्याची मिळते. बँका आणि काही वित्तीय संस्थांसाठी तरतुदीची स्वतंत्र, मर्यादित सवलत आहे. ती इतरांना लागू नाही. १ एप्रिल १९८९ पासून ते येणे खरोखर बुडाले हे सिद्ध करण्याची अटही राहिली नाही, वहीत निर्लेखन पुरे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात स्पष्ट केले. दुसरी अट अशी की ते येणे आधी कधीतरी उत्पन्नात धरलेले असले पाहिजे. विक्रीच्या उधारीत ती पूर्ण होते. कोणाला हातउसने दिलेल्या पैशांत ती होत नाही. निर्लेखित रक्कम नंतर वसूल झाली तर कलम ४१(४) प्रमाणे ती करपात्र उत्पन्न ठरते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून त्यापुढील वर्षांचे विवरण भरताना जुने क्रमांक वापरू नयेत.

आपल्या उदाहरणात याचा परिणाम असा. पहिल्या वर्षी तरतुदीचे ५०,००० नफ्यात परत मिळवायचे, म्हणजे करासाठी ३,००,०००. दुसऱ्या वर्षी तरतूद पाच हजारांनी कमी झाली, म्हणून २,८५,००० मधून ५,००० वजा, म्हणजे २,८०,०००. तिसऱ्या वर्षी परत जमा झालेले २२,००० वजा, म्हणजे ३,२५,०००. हे तिन्ही आकडे कोष्टकाच्या शेवटच्या स्तंभातले आहेत. हिशेब तरतुदीने ठेवा वा नका ठेवू, कर निर्लेखनाच्याच पद्धतीने लागतो, आणि हीच आकडेमोड बरोबर असल्याची खूण आहे.

येथे एक महागात पडणारी चूक होते. दुसऱ्या वर्षी नफा-तोटा खात्यात निव्वळ ३५,००० एवढी एकच रक्कम ‘तरतूद’ या नावाने दाखवली, तर विवरण भरणारा ती पूर्णच नफ्यात परत मिळवतो आणि करपात्र रक्कम ३,२०,००० होते. चाळीस हजारांच्या निर्लेखनाची वजावट कोणी नाकारलेली नसते. ती मागायचीच राहून जाते. म्हणून बुडीत येणे, जुनी तरतूद आणि नवी तरतूद या तिन्ही रकमा वेगवेगळ्या ओळींत दाखवाव्यात. कलम ४४एडी प्रमाणे अनुमानित नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला मात्र बुडीत येण्याची वेगळी वजावट नसते. ती त्या अनुमानित नफ्यातच धरलेली मानतात.

क्रेडिट नोट काढू नये

निर्लेखन करताना काही दुकानांत गिऱ्हाइकाच्या नावे क्रेडिट नोट काढून खाते शून्य करतात. खाते शून्य होते खरे, पण विक्री कमी झाली असे दिसते, आणि जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये पैसे आले नाहीत हे क्रेडिट नोटचे कारणच नाही. माल परत आला, माल कमी प्रतीचा निघाला किंवा बिलात किंमत वा कर जास्त लागला, अशीच कारणे तेथे आहेत. विक्रीवर भरलेला जीएसटी उधारी बुडाली म्हणून परत मिळत नाही. १८ टक्के दराच्या मालाचे चाळीस हजारांचे बिल असेल तर त्यात सुमारे ६,१०० रुपये कर असतो आणि तोही माल विकणाऱ्याच्याच अंगावर पडतो. हा कराचा भाग विक्री-उत्पन्नात कधी आलेला नसल्याने आयकरात त्याची वजावट कशी मागायची, हे करसल्लागाराशी बोलून ठरवावे.

क्रेडिट नोटचा दुसरा तोटा असा की ती गिऱ्हाइकाकडे जाते आणि आपण येणे सोडले असा लेखी पुरावाच त्याच्या हाती पडतो. निर्लेखनाची नोंद ही आपल्या वहीतली गोष्ट आहे; तिने वसुलीचा हक्क जात नाही. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा दाखल करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांची आहे, आणि ती मुदत असताना गिऱ्हाइकाने लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम दिली आणि त्याची त्याच्या अक्षरातली वा सहीची नोंद असली, तर तेथून ती नव्याने मोजली जाते. म्हणून निर्लेखित खात्याची बिले, पोहोच पावत्या आणि परत आलेले धनादेश एका वेगळ्या पाकिटात, शेवटच्या बिलाची तारीख वर लिहून ठेवावेत. त्या दुकानदाराने पाठवलेले पंधरा हजार जमा झाल्यावर उरलेल्या पंचवीस हजारांसाठी त्याच्याकडून सही असलेले पत्र मागताना हे पाकीटच समोर ठेवावे लागेल.